पाच फाउल, पण कोणाचे?

"फुटसाल म्हणजे छोट्या मैदानावरचा फुटबॉलच. नेहमीच्या बॉलमधली थोडी हवा काढा. बॉल बाहेर गेला की हाताने फेकण्याऐवजी पायाने मारा, तिथून थेट गोलही चालतो. पाच फाउल केले की खेळाडू बाद. बदली कधीही, कुठूनही."

हा मेसेज भाच्याच्या संघाच्या ग्रुपवर पोचला आणि पोरं त्यावरून डावपेच आखायला लागली. म्हणून आधी फाउलांचं बघू. प्रत्येकाला चार फाउल माफ, असं समजून पाच जण उतरले तर वीस फाउल फुकट! असं काही नसतं. मोजणी खेळाडूची नाही, संघाची होते. फिफाच्या फुटसाल नियमावलीतला तेरावा नियम वाचा: ज्या फाउलवर डायरेक्ट फ्री किक किंवा पेनल्टी मिळते तेच मोजतात. पंचांनी ॲडव्हांटेज देऊन खेळ चालू ठेवला तरी फाउल खात्यात जमा होतो. हाफटाइमला पाटी कोरी.

समजा, दुसऱ्या हाफची सहा मिनिटं उरलीत, स्कोअर २-२ आणि तुमच्या संघाचे पाच फाउल झालेत. टाइमकीपरच्या टेबलावर तशी खूण लागलेली असते. आता मैदानाच्या मध्यावर, गोलपासून लांब, कोणी नुसता शर्ट ओढला तरी तो सहावा फाउल. बॉल तुमच्या गोलपासून १० मीटरवरच्या खुणेवर येतो, वॉल लावता येत नाही आणि समोर उरतो एकटा गोलकीपर. सातव्या-आठव्यालाही हेच. फाउल गोलच्या त्याहून जवळ, पण पेनल्टी एरियाबाहेर झाला, तर किक तिथूनच घ्यायची की खुणेवरून, हे समोरचा संघ ठरवतो. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये अशी मोजणीच नाही, त्यामुळे तिथली ओढाताणीची सवय इथे महागात पडते.

बाहेर गेलेला बॉल परत खेळात आणणारी किक-इन पायाने मारतात, इतकं बरोबर. पण थेट गोल नाही. बॉल कोणालाही न लागता समोरच्या गोलमध्ये गेला, तर त्यांच्या गोलकीपरला गोल क्लिअरन्स मिळतो, म्हणजे तो बॉल हाताने खेळात आणतो. बॉल लाइनवर स्थिर हवा आणि किक घ्यायला तयार झाल्यापासून चार सेकंद मिळतात. ती उलटली की किक-इन समोरच्यांना.

बॉलची हवा काढू नका. फुटसालचा बॉल ४ नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, आणि कमी उसळेल असाच बनवलेला असतो: २ मीटरवरून सोडला की पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटर. हवा काढलेला ५ नंबरचा बॉल मोठाच राहतो, वर पिचका होतो.

बदली खेळ चालू असताना, हवी तितक्या वेळा होते, हे कबूल. 'कुठूनही' मात्र खोटं. आपल्या बाजूचा ५ मीटरचा बदलीचा पट्टा असतो. तिथून एक बाहेर पडल्यावरच दुसऱ्याने आत यायचं. घाई करणाऱ्याला पिवळं कार्ड आणि समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. ही इनडायरेक्ट असल्याने फाउलांच्या मोजणीत तेवढी धरत नाहीत.