आजोबांचा पोवाडा आणि पुसलेला नाताळ

“भावा, तुमचं बरं हाय, तिकडं समदं जपून ठेवत्यात. इथं आजोबांचा रेडिओवरचा पोवाडा पुसून टाकला. आता ते गायलेच नाहीत म्हणायचं काय?” (कोल्हापूरहून, चुलतभाऊ)

“तिकडं समदं जपून ठेवत्यात” हेच मला डाचलं. मी इंग्लंडातल्या रेडिंगला राहतो. ‘डॉक्टर हू’ या इथल्या टीव्ही मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीनेच पुसले. टेप महाग, म्हणून पुन्हा वापरायची. परदेशी विक्रीच्या फिल्मही नंतर नष्ट केल्या. २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग परत मिळाल्याचं जाहीर झालं, तेही नायजेरियातून.

२५ डिसेंबर १९६५ चा भाग घ्या. त्यात नायकाची, म्हणजे ‘डॉक्टर’ची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल थेट घरी बसलेल्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा देतात, असं सांगतात. परदेशी विक्रीत हा भाग वगळलेला, त्यामुळे बाहेरून प्रत मिळण्याची आशा नाही. पण एका चाहत्याने घरी आवाज टेप केला होता, आणि ते वाक्य त्यात स्पष्ट आहे. म्हणजे वाक्य बोललं गेलं, हे पक्कं. ते बोलताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं का, हे आवाजावरून कळत नाही. वाक्य आयत्या वेळचं होतं की लिहिलेलं, हेही नाही. त्यासाठी संहिता हवी, आणि संहितेतलं सगळंच जसंच्या तसं बोललं जातं असंही नाही.

आता आजोबा. आत्या म्हणते, “पेपरात कार्यक्रम छापून आला होता.” अर्धंच खरं. छापलेला कार्यक्रम म्हणजे आदल्या दिवसांतला बेत. ऐनवेळी कुणी आजारी पडलं, भाषण लांबलं, की बेत बदलतो. आमच्या गल्लीतले निवृत्त आकाशवाणीवाले काका नेमकं बोलले: “ड्यूटी रूमची लॉग बघा, काय वाजलं ते तिथं वेळेसकट लिहिलेलं असतं. ती गेली असेल तर मानधनाचा करार शोधा. पण करारावर ध्वनिमुद्रणाचीच तारीख असू शकते, प्रसारणाची नव्हे.” मामांना हे सगळं कॅसेट दुरुस्तीचं वाटलं, त्यांनी लग्नाची बुरशी आलेली व्हिडिओ कॅसेट माझ्याकडे पाठवायची तयारी केली.

भावाचं म्हणणं, घरातल्या चौघांनी ऐकलंय, मग कागद कशाला? पण चौघांनी ते एकमेकांकडूनच ऐकलेलं असू शकतं. एकाला सकाळ आठवते, दुसऱ्याला दिवाळीची रात्र. प्रत्येकाला वेगळं बसवून, दुसऱ्याचं न सांगता विचारायला हवं. हे मी म्हटल्यावर तो म्हणाला, “तिकडं राहून तू घरच्यांवर संशय घ्यायला लागलास.”

हे लागलं. आजोबांचा आवाज मला आठवतच नाही, मी लहानपणीच बाहेर पडलो. हार्टनेल कुठल्या दिवशी काय बोलले ते मी सांगू शकतो. माझ्या आजोबांबद्दल भावाच्या शब्दावर विसंबावं लागतं, आणि ते मला पुरत नाही. कराराची तारीख हवी. आत्याच्या ट्रंकेत मानधनाचा कागद आहे म्हणतात. भावाने अजून ती उघडलेली नाही.