‘ला’ दिसला की द्वितीया?

«वर्कशीटचा फोटो आला की वाक्य वाचत बसू नका. ‘ला, ना’ दिसला की द्वितीया, ‘ऊन, हून’ दिसला की पंचमी. शब्दात संख्या असली की द्विगू समास. ‘सारखा’ असला की उपमा. डोळे झाकून पैकीच्या पैकी!»

हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरत असतानाच तिथे एका वर्कशीटचा फोटोही आला. तेच सोडवू या, म्हणजे युक्ती कुठे अडते ते दिसेल.

पहिली दोन वाक्ये अशी: ‘आईने बाळाला उचलले’ आणि ‘बाईंनी मुलांना खाऊ वाटला’. अधोरेखित शब्द ‘बाळाला’ आणि ‘मुलांना’. स, ला, ना, ते हे प्रत्यय द्वितीयेचे आहेत तसेच चतुर्थीचेही आहेत. त्यामुळे प्रत्ययाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी उत्तर मिळणार नाही. क्रियापदाला विचारावे लागते. आईने उचलले कोणाला? बाळाला. उचलण्याची क्रिया थेट बाळावर घडली, म्हणून ते कर्म आणि विभक्ती द्वितीया. बाईंनी वाटले काय? खाऊ. कर्म खाऊ आहे. मुले तो घेणारी. देणे, वाटणे, सांगणे अशा क्रिया ज्याच्यासाठी होतात ते संप्रदान, म्हणून ‘मुलांना’ चतुर्थी.

तरी शंका उरली तर वाक्य फिरवून बघा. ‘आईकडून बाळ उचलले गेले’: इथे ‘ला’ गळून पडतो. ‘बाईंकडून मुलांना खाऊ वाटला गेला’: इथे ‘ना’ जागचा हलत नाही. गळला तर द्वितीया, टिकला तर चतुर्थी. शाळेतल्या नेहमीच्या वाक्यांना ही कसोटी पुरते.

तिसरे वाक्य मला फार आवडले. प्रश्न काढणाऱ्याने मुद्दामच घातले असणार. ‘तो घरून जेवून आला.’ दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ऊन’, आणि प्रश्न असा, की यांतला विभक्ती असलेला शब्द कोणता? विभक्ती लागते नामाला किंवा नामासारख्या वापरलेल्या शब्दाला. ‘घर’ हे नाम, तिथून निघणे म्हणजे अपादान, तेव्हा ‘घरून’ पंचमी. ‘जेवून’मध्ये मात्र ‘जेव’ हा धातू आहे. त्याला लागलेला ‘ऊन’ एक क्रिया आधी उरकली एवढेच सांगतो. ते धातुसाधित अव्यय आहे, त्याला विभक्ती नाही.

समासाच्या प्रश्नात ‘त्रिभुवन’ आणि ‘चतुर्भुज’ शेजारीशेजारी दिले आहेत. पहिल्याचा विग्रह ‘तीन भुवनांचा समूह’. समूहाचा बोध होतो, म्हणून द्विगू. इथे युक्ती चालली. दुसऱ्याचा विग्रह ‘चार आहेत भुजा ज्याला असा तो’, म्हणजे विष्णू. चार हातांच्या समूहाबद्दल इथे कोणी बोलतच नाही. दोन्ही पदांबाहेरच्या तिसऱ्याचा बोध होतो, म्हणून बहुव्रीही. (लग्न झालेल्याला आपण ‘चतुर्भुज झाला’ म्हणतो तेव्हाही हात मोजत नाही, माणूसच दाखवतो.)

यापुढचा ‘पीतांबर’ एकटाच छापला आहे, वाक्याशिवाय. हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘काका पूजेला पीतांबर नेसतात’ म्हटले तर ‘पीत असे अंबर’, म्हणजे कर्मधारय. ‘पीत आहे अंबर ज्याचे असा तो’ म्हटले तर विष्णू, म्हणजे बहुव्रीही. अशा वेळी विग्रह लिहून मगच समासाचे नाव लिहावे. नुसते नाव लिहिले तर तपासणाऱ्याच्या मनात दुसरा विग्रह असल्यास गुण गेला.

अलंकारात ‘आजीची पुरणपोळी आजीच्या पुरणपोळीसारखीच!’ हे वाक्य आहे. ‘सारखी’ आहे खरे. पण उपमेला उपमेय आणि उपमान वेगवेगळे लागतात, इथे दोन्हीकडे तीच पोळी. उपमेयाला त्याचीच उपमा दिली की अनन्वय.

शेवटचे वाक्य ‘लोण्याहून मऊ आईचे मन’. यात ‘सारखे’ नाही की ‘जणू’ नाही, म्हणून ग्रुपवर एकाने ‘अलंकार नाही’ असे उत्तर दिले. मन हे उपमेय, लोणी उपमान, मऊपणा दोघांचा समान गुण. ‘हून’ मनाला लोण्याच्या वर नेऊन ठेवतो. उपमेय उपमानापेक्षा सरस ठरले, म्हणजे व्यतिरेक. ‘लोण्याहून’ची विभक्ती विचारली असती तर ती पंचमीच, फक्त इथला अर्थ ‘घरून’सारखा कुठून तरी निघण्याचा नसून तुलनेचा आहे.