‘माल विकायचा की गिऱ्हाईक घाबरवायचं?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

अभिप्राय (दोन तारे): "जर्मनीत विकायच्या गोधड्यांचं वर्णन यांच्याकडून लिहून घेतलं. मी मराठीत इतकं छान लिहून दिलं होतं. त्यातलं शंभर टक्के सुती, सिल्क, पर्यावरणपूरक, त्वचेला चांगली, सगळं काढून टाकलं. वर डाग असू शकतात, ठिगळं आहेत, हे आपणहून घातलं. माल विकायचा की गिऱ्हाईक घाबरवायचं? पैसे वाया."

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली नमुन्याची गोधडी मी टेबलावर पसरून, उलटसुलट करून पाहिली आहे. ती विकली जावी असं मलाही मनापासून वाटतं. तुमच्यासारखे आणखीही कारागीर हा अभिप्राय वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी कापडाचं बघू. वरच्या थरातल्या जांभळ्या, जरीकाठाच्या साडीचा एक सुटा धागा मी चिमट्यात धरून पेटवला. तो वितळून आकसला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. नखाने दाबला तरी तो चुरडला नाही. खरं रेशीम असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि राख बोटांत चुरली असती. तेव्हा ती साडी पॉलिएस्टरची. शेजारच्या फिक्या हिरव्या साडीचा धागा मात्र कागदासारखा जळला आणि मऊ करडी राख उरली. तो कापूस. म्हणजे एकाच गोधडीत दोन्ही आहेत, आणि पुढच्या गोधडीत हे प्रमाण वेगळं असणार, कारण साड्या वेगळ्या असणार. या घरगुती चाचणीने धागा कशाचा ते साधारण कळतं, टक्केवारी कळत नाही. ती प्रयोगशाळाच सांगू शकते.

युरोपीय संघाचा कापडाच्या लेबलांविषयी १००७/२०११ या क्रमांकाचा नियम आहे. धाग्यांची माहिती गिऱ्हाइकाला खरेदीच्या आधी दिसली पाहिजे, म्हणजे ऑनलाइन दुकानात ती वर्णनातच हवी. ‘१०० टक्के’ किंवा ‘शुद्ध’ हे शब्द पूर्ण एकाच धाग्याच्या मालालाच लावता येतात. ‘रेशीम’ हा शब्द किड्याच्या कोशातून निघालेल्या धाग्यासाठी राखून ठेवलेला आहे. नुसत्या चकाकीवरून तो वापरता येत नाही. आपल्या बाजारात पॉलिएस्टरच्या साडीला सर्रास आर्ट सिल्क म्हणतात. तिथल्या वर्णनात ते चालत नाही.

पण हाच नियम तुमच्यासारख्यांना एक वाट ठेवतो. बनवताना ज्या मालात कोणते धागे किती आहेत हे सांगणं अवघड असतं, त्याच्यासाठी ‘मिश्र धागे’ असं लिहायची मुभा आहे. शिवाय मागच्या बाजूला तुम्ही नवा मांजरपाट लावता, आणि त्याच्या बिलावर तो पूर्ण कापसाचा असल्याचं छापलेलं आहे. ‘शंभर टक्के सुती’ मी काढलेलं नाही, ते जिथे खरं आहे तिथे ठेवलं आहे. अंगाला लागणारी बाजू पूर्ण सुती, हे वाक्य जर्मन गिऱ्हाइकाला चांगलं पटतं, कारण ते तपासता येतं.

आता वर्णनाचा मुख्य भाग इथे देते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही तो पाहता येईल.

```
Patchworkdecke aus gebrauchten Saris,
von Hand genäht, ca. 150 × 220 cm

Fünf Lagen Stoff, mit Vorstichen von Hand
verbunden. Gewicht ca. 1,6 kg. Als Überwurf
fürs Sofa oder als leichte Sommerdecke.

Vorderseite und Innenlagen: diverse Faserarten
Rückseite: 100 % Baumwolle

Flicken und kleine Verfärbungen stammen aus der
Zeit, als die Saris getragen wurden (Bild 4).
Sie erhalten genau das abgebildete Stück.
```

याचा अर्थ असा: वापरलेल्या साड्यांची, हाताने शिवलेली ठिगळांची चादर, सुमारे १५० बाय २२० सेंटिमीटर. कापडाचे पाच थर धावदोऱ्याने हाताने जोडलेले. वजन साधारण १.६ किलो. सोफ्यावर टाकायला किंवा उन्हाळ्यात पांघरायला. मग धाग्यांची माहिती. शेवटी, ठिगळं आणि बारीक डाग साडी नेसली जात होती त्या काळातले आहेत, चौथ्या फोटोत दिसतात, आणि फोटोतली जी गोधडी आहे तीच तुम्हाला मिळेल.

शेवटचं वाक्य मी विकण्यासाठीच लिहिलं आहे. कारखान्याच्या मालात फोटो एकाचा आणि खोक्यात दुसरा, हे गिऱ्हाइकाने गृहीत धरलेलं असतं. तुम्ही प्रत्येक गोधडीचा वेगळा फोटो काढता, ही तुमची जमेची बाजू तुमच्या मजकुरात कुठेच नव्हती. तिथे ‘प्रेमाने बनवलेली’, ‘एकमेव’, ‘अप्रतिम’ असे शब्द होते. जर्मन भाषेतल्या हस्तकलेच्या दुकानांत हे शब्द इतके झाले आहेत की नजर त्यांवरून घसरते. पाच थर, १.६ किलो, धावदोरा, चौथा फोटो, यांवर ती थांबते. घेणारीला ती गोधडी आपल्या सोफ्यावर कशी पडेल याचा अंदाज येतो, आणि ती ठरवू शकते.

वजन लिहायचं आणखी एक कारण आहे. तुम्ही सुचवलेल्या शीर्षकात ‘श्टेपडेके’ होतं. तो शब्द शोधणाऱ्याला मध्ये कापूस किंवा पिसं भरलेली ऊबदार रजई हवी असते. तुमच्या गोधडीत भरण नाही, कापडाचे थर आहेत. तिथल्या हिवाळ्यात एकटीवर रात्र काढायला ती पुरणार नाही. त्या शब्दामुळे कदाचित जास्त लोक पान उघडतील, पण खोकं उघडल्यावर निराशही तेच होतील. ‘पॅचवर्कडेके’ आणि ‘युबरवुर्फ’ हे शब्द शोधणाऱ्याला मात्र नेमकी हीच वस्तू हवी असते. म्हणून उन्हाळी पांघरूण असं स्पष्ट लिहिलं.

निराश गिऱ्हाईक काय करतं तेही सांगते. तुमचं दुकान जर्मन भाषेत आहे, किंमत युरोत आहे, माल जर्मनीत पोचतो. त्यामुळे घेणाऱ्याला तिथल्या ग्राहक-कायद्याचं संरक्षण मिळतं. माल हातात पडल्यापासून १४ दिवसांत कोणतंही कारण न देता तो परत करता येतो, आणि तुम्हाला किमतीबरोबर पाठवण्याचा साधा खर्चही परत द्यावा लागतो. परतीचा खर्च गिऱ्हाइकावर टाकता येतो, पण तसं आधी नीट कळवलं असेल तरच. १.६ किलोचं पार्सल एकदा जाऊन आलं की त्या गोधडीतला तुमचा नफा संपला. डाग आणि ठिगळं आधी सांगितल्यामुळे ज्यांना ती खपणार नाहीत ते घेतच नाहीत. ते गेलेलं गिऱ्हाईक नव्हे, टळलेलं नुकसान आहे.

त्याबरोबर ‘हाताने बनवलेल्या वस्तूत थोडा फरक असणारच’ एवढ्या एका ओळीवर विसंबू नका. एखादी गोधडी विरलेली असेल, कुठे फाटून रफू केलेली असेल, म्हणजे साधारण अपेक्षेपेक्षा उणी असेल, तर १ जानेवारी २०२२ पासून तिथला नियम कडक आहे. ते उणेपण नेमकं सांगावं लागतं आणि गिऱ्हाइकाने त्याला वेगळी, स्पष्ट संमती द्यावी लागते. वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं तर ते धरलं जात नाही. त्यासाठी खरेदीच्या पानावर वेगळी चौकट हवी, जिथे खूण गिऱ्हाईक स्वतः करेल. असे नग तूर्त यादीतून बाजूला ठेवा, असं मी सुचवलं होतं ते यासाठीच.

‘पर्यावरणपूरक’ बद्दल. युरोपीय संघाचा २०२४/८२५ हा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचा आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तम असल्याचा मान्य पुरावा नसताना असे मोघम शब्द वापरायला त्यात मनाई आहे. आजही दिशाभूल करणाऱ्या दाव्यावर तिथला स्पर्धक किंवा ग्राहक-संघटना ‘आबमानुंग’ पाठवू शकते. म्हणजे दावा मागे घ्या, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या आणि खर्चही भरा, अशी कायदेशीर ताकीद. तुम्हाला त्या शब्दाची गरजच नाही. ‘वापरलेल्या साड्यांपासून’ हे शीर्षकातच आहे. ते सिद्ध करता येतं, आणि वाचणारा जो समजायचा तो समजतो.

त्वचेच्या दाव्याला मी अजिबात हात लावणार नाही, हे खुलेपणाने सांगते. जुन्या साड्यांत कोणते रंग आहेत हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. काही अ‍ॅझो रंगांतून घातक अमाइन सुटतात. अंगाशी येणाऱ्या कापडात, अंथरुणा-पांघरुणातही, त्यांची मर्यादा प्रत्येक अमाइनला किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. ज्या कापडाची तपासणीच झालेली नाही ते त्वचेला चांगलं आहे, असं मी कोणाच्याही पैशासाठी लिहिणार नाही. एखाद्या बाळाच्या अंगावर ती गोधडी पडू शकते. रंगांची तपासणी करून घ्या असं मी ईमेलमध्ये कळवलं होतं, ते मजकूर सजवायला नव्हे. ही बाब शब्दांनी सुटणारी नाही.

विक्री वाढवायला पुढे काय करता येईल, तेही सांगते. साड्या शिवायच्या आधीच वेगळ्या काढा. प्रत्येक साडीचा एक धागा पेटवून बघा. जो वितळेल तो एका गठ्ठ्यात, जो कागदासारखा जळेल तो दुसऱ्यात. दुसऱ्या गठ्ठ्याच्याच गोधड्या शिवल्यात आणि त्यातल्या एकीतल्या धाग्यांचं प्रमाण प्रयोगशाळेतून काढून घेतलंत, तर तो अहवाल मला पाठवा. पूर्ण कापूस निघाला तर ‘१०० % Baumwolle’ मी शीर्षकातच घालीन, आणि या पहिल्या वर्णनाच्या त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेणार नाही. दरम्यान प्रत्येक नगाच्या पानावर तुमचं नाव, टपालाचा पत्ता, ईमेल आणि युरोपीय संघातल्या जबाबदार व्यक्तीचा पत्ता टाकायचा राहिला आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून तो बंधनकारक आहे. या पत्त्यांच्या चौकटीचा जर्मन मजकूर तुमच्या फाइलमध्ये शेवटच्या पानावर तयार आहे, फक्त पत्ते भरायचे आहेत.