मार्च एंडपर्यंत वाचू

आठवड्याला एक पुस्तक, म्हणजे वर्षाला 52. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की हो म्हणताना कुणी हिशेब करत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर नणंदबाईंनी हा संकल्प टाकला तेव्हा रात्रीचे बारा वाजायचे होते आणि सगळ्यांच्या हातात आइस्क्रीमच्या वाट्या होत्या. त्या तंद्रीत सात जणांनी अंगठे दाखवले. त्यांतल्या दोघांनी शाळा सुटल्यानंतर पुस्तक नावाची वस्तू फक्त रद्दीत घालताना हाताळलेली आहे.

हिशेब केला तो माझ्या सासऱ्यांनी. बाबा ट्रेझरीतून निवृत्त झालेत, पण ट्रेझरी काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सकाळी चहाबरोबर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं: मराठी कादंबरी सरासरी 250 पानांची धरली तर 52 पुस्तकांची 13,000 पानं, म्हणजे रोजची पस्तीस-छत्तीस. "सूनबाई, एवढी तरतूद आहे का तुझ्याकडे?"

तरतूद म्हणजे डोंबिवलीची फास्ट लोकल. माझं वाचन लेडीज डब्यात होतं, आणि त्या डब्यात पुस्तक उघडणं ही एक जाहीर घटना असते. शेजारची आधी मुखपृष्ठ बघते, मग तुमच्याकडे बघते, मग विचारते, "कुठे उतरणार?" तुम्ही "दादर" म्हणालात की ती समोरचीला खूण करते, समोरची दारातलीला, आणि तुमच्या सीटचं पुढचं आरक्षण तुमच्याच मांडीवरून होऊन जातं. तेवढ्यात नायिकेने विहिरीत उडी मारली की नाही ते राहून जातं. दुसऱ्या दिवशी मागची दोन पानं परत वाचावी लागतात.

तरीही फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांचं वाचन दणक्यात चाललं. कसं चाललं ते बघण्यासारखं होतं. नणंदबाईंनी बोलती पुस्तकं पावणेदोनच्या वेगाने लावली. त्यांच्या स्वयंपाकघरातून दोन महिने कुणीतरी सतत घाईघाईने मरत होतं. नवऱ्याने कवितासंग्रह धरले, कारण ते चौसष्ट पानांत संपतात आणि त्यातली निम्मी पानं पांढरी असतात. त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. ते रोज सकाळी कळवायचं, 'तुम्ही ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा 4 पुस्तकं मागे आहात.' गृहकर्जाचा हप्ता थकला तरी बँक इतकं लागट बोलत नाही. मी बँकेतच आहे, मला माहीत आहे.

मग दिवाळी अंकांचा वाद निघाला. गेल्या दिवाळीचे चार जाडजूड अंक माझ्या उशाशी होते आणि मला ते हिशेबात हवे होते. अडीचशे पानं, त्यात एक अख्खी लघुकादंबरी, चार कथा, एक परिसंवाद, आणि वर राशिभविष्य. नणंदबाई म्हणाल्या, "अंक म्हणजे पुस्तक नव्हे." मी म्हटलं, "ताई, तुमच्या चौतीस पानी बालनाट्याला पुस्तक म्हणायचं तर याला ग्रंथ म्हणायला हवं." त्यावर ग्रुपवर मतदान झालं. माझ्या सख्ख्या नवऱ्याने माझ्या विरोधात मत दिलं.

खरा बिघाड कुठे आहे ते मला वाचनालयात कळलं. कपाटातून पुस्तक काढलं की माझा हात आपोआप शेवटच्या पानाकडे जायला लागला होता. आधी पृष्ठसंख्या, मग लेखक, मग जमलं तर विषय. सहाशे पानी कादंबरी दिसली की मी ती ज्वालाग्राही पदार्थासारखी परत ठेवायची. आवडतं पुस्तक पुन्हा वाचणं तर बंदच झालं, कारण ते मोजलं जात नाही. उलट एक अत्यंत रटाळ चरित्र मी शेवटपर्यंत ओढलं, कारण दीडशे पानं झाली होती आणि सोडलं तर ती वाया जाणार होती. ही लक्षणं एकदम दिसली की समजावं, आता आपण पुस्तक नाही, आकडा वाचतोय.

हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नाही. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. त्यांनी चित्रं काढली, प्रशस्तिपत्रकं घेतली. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले तेव्हा हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं पण नंतर अचानक बक्षीस मिळालं, त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे बक्षिसाने बिघडलं नाही, आधी ठरवून ठेवलेल्या बक्षिसाने बिघडलं. मी हे ग्रुपवर टाकलं. नणंदबाईंनी त्याला टाळ्या वाजवणारे हात लावले आणि आपलं एकोणिसावं पुस्तक जाहीर केलं.

दरम्यान भाचीने मला वाढदिवसाला छापील वाचन-डायरी दिली. फार देखणी. एका पुस्तकाला दोन पानं: पाच चांदण्या रंगवायच्या, आवडतं पात्र, नावडतं पात्र, आवडतं वाक्य, वाचतानाची मनःस्थिती (पाच चेहऱ्यांपैकी एकाला गोल करा), पुस्तकाने काय शिकवलं, कुणाला सुचवाल. खाली फुलांची चिकटपट्टी लावायला जागा. एका कथासंग्रहाची नोंद भरायला मला रविवारची दुपार लागली. बारा कथांमधलं 'आवडतं पात्र' एकच लिहायचं होतं. 'पुस्तकाने काय शिकवलं' समोर मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी 'संयम' असं लिहिलं. त्यानंतर पुस्तक संपत आलं की मला ते संपवावंसंच वाटेना, पुढे फॉर्म भरायचाय म्हणून.

बाबांची वही मात्र चालू होती. ते संकल्पात नव्हतेच. गेली कित्येक वर्षं ते एका लांबट, लाल कापडी पाठीच्या रजिस्टरात वाचनाची नोंद ठेवतात. अ.क्र., दिनांक, ग्रंथनाम, लेखक, पृष्ठे आणि शेवटी रुंद रकाना: शेरा. मी ती सहज चाळायला घेतली आणि दुपारचा कुकर लावायला विसरले. शेरे असे:

'पृ. 64 नंतर नायक मूर्खासारखा वागतो. लेखकाच्या लक्षात आलेले नाही.'

'अनुवाद सदोष. मूळ पुस्तक बरे असावे असा संशय.'

'पृ. 112 वरील आंब्याच्या झाडाचे वर्णन वाचून वडिलांची आठवण. पुढे वाचले नाही.'

'वाचले. पुढील कार्यवाही नाही.'

एकही शेरा दोन ओळींच्या वर नाही, आणि जिथे काही खटकलं किंवा भिडलं तिथे पानाचा आकडा. त्या आकड्यामुळेच ती वही आजही चालते. 'फार सुंदर पुस्तक' असं लिहिलेलं सहा महिन्यांनी कुणाच्याच कामाचं नसतं, स्वतःच्याही नाही. 'पृ. 112' असलं की पुस्तक काढून तिथेच बोट ठेवता येतं. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकालाही रीतसर क्रमांक आहे, रीतसर शेरा आहे, कुठे सोडलं तेही आहे. सोडलेली पुस्तकंच मला जास्त बोलकी वाटली.

मग संकल्पाची फेरमांडणी बाबांकडे गेली. त्यांनी पहिलं फर्मान काढलं: आधी खर्च मोज, मग अंदाजपत्रक. आठवडाभर मी रोज थांबलेल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकली. सोमवारी 14 पानं, मंगळवारी 9, बुधवारी कुर्ल्याला सिग्नल बिघडला म्हणून 31, गुरुवारी उभं राहायलाही जागा नव्हती म्हणून शून्य, शुक्रवारी 11, शनिवार-रविवार मिळून 10. एकूण 75. वर्षाचे 50 आठवडे धरले तर 3,750 पानं. त्यातून लग्नसराई, मुलाची परीक्षा आणि पाहुणे यांची पाचव्या हिश्शाची कपात. उरली 3,000. अडीचशे पानी पुस्तकांत सांगायचं तर बारा. बावन्न कुठे आणि बारा कुठे! पण हे बारा माझे होते, आइस्क्रीमचे नव्हते.

लक्ष्यही पानांतच ठेवायचं, पुस्तकांत नाही, असं ठरलं. त्याने जाडं पुस्तक बारक्याला भीत नाही, सोडलेल्या पुस्तकाची वाचलेली पानं जमा होतात, दिवाळी अंक बिनविरोध आत येतो आणि दुसऱ्यांदा वाचलेलंही चालतं. नवऱ्याने शंका काढली की कवितेचं पान पूर्ण धरायचं का. बाबा म्हणाले, "कविता दोनदा वाचावी लागते. पूर्ण धर." पानांच्या हिशेबातही लबाडी करता येते, प्रस्तावना न वाचता मोजता येते, सूची मोजता येते. पण त्यासाठी जे कष्ट पडतात त्यापेक्षा वाचणं सोपं.

उरला वर्षाचा प्रश्न. मी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' काढलं होतं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख आहे, आणि मला तो तो लेख त्या त्या महिन्यातच वाचायचा होता. पुस्तक आटोपशीर, पण ते संपणार फाल्गुनात. नवऱ्याच्या ॲपमध्ये गंमत म्हणून घालून पाहिलं तर दर महिन्याला ते विचारायला लागलं, अजून वाचताय का? डिसेंबरअखेर ते अपूर्णच दिसणार होतं. बाबांनी चष्मा वर केला. "वर्ष कोणतं धरलंयस तू? कॅलेंडर? आपलं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च." आणि खरंच, चैत्र-फाल्गुनाचं बाबांच्या आर्थिक वर्षाशी दहा-पंधरा दिवसांच्या फरकाने बरं जुळतं. डिसेंबरात आकडा गाठण्यासाठी होणारी पातळ पुस्तकांची लूटमार आपोआप टळली. मार्च एंडला बँकेत मला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून आकडा गाठण्याचा मोहही होणार नाही.

"पण समजा 31 मार्चला चारशे पानं राहिली तर?" मी विचारलं. "पुढच्या वर्षात टाकायची?"

बाबा दुखावले. चाळीस वर्षं शासकीय अनुदानं हाताळलेल्या माणसाला असं विचारतात का? "अखर्चित रक्कम व्यपगत होते, सूनबाई. थकबाकी ओढायची नाही. 1 एप्रिलला पाटी कोरी."

ही तरतूद ग्रुपवर जाहीर झाल्यावर पहिला फोन नणंदबाईंचा आला. त्यांची तोवर एकतीस पुस्तकं झाली होती आणि आवाज थकलेला होता. त्यांना विचारायचं होतं की मधूनच आर्थिक वर्षात येता येईल का. बाबांनी फोन स्पीकरवर घेतला, एकतीस हा आकडा ऐकला आणि म्हणाले, "मंजूर तरतुदीपेक्षा जादा खर्च दिसतोय. पुरवणी मागणी टाक. आणि प्रत्येकावर शेरा पाहिजे, दोन ओळी, पानाच्या क्रमांकासह."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाल्या, "बाबा, त्यातली बहुतेक मी ऐकलीयेत हो. पानं नव्हती त्यांना."

बाबांनी रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं: 'व्हाउचर उपलब्ध नाही.'