नथ कुठल्या बाजूला आणि काठ किती रुंद, दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू: "आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून कार्टून पोर्ट्रेट करून घेतलं. फोटोत नथ एका बाजूला आणि यांनी काढली दुसऱ्या बाजूला, पदर पण दुसऱ्याच खांद्यावर! आई म्हणते गालावरचा तीळसुद्धा उलटा. पैठणीचे काठ फोटोपेक्षा जाड आणि नारळीचे त्रिकोण मोजून चारपाच. बाबांचा फेटा तेवढा बरा. दोन स्टार."

ताई नमस्कार, पहिल्यांदा आईबाबांना आमच्याकडून शुभेच्छा सांगा.

आता फोटोचं. तुम्ही मंगेशीला काढलेला सेल्फी दिलात तो परत एकदा उघडून बघा, मागे फुलांच्या दुकानाची पाटी दिसते तिची अक्षरं उलटी आहेत. बऱ्याच फोनमध्ये फ्रंट कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखाच सेव्ह होतो, सेटिंग बदललं नसेल तर. त्यामुळे आईंचा पदर उजव्या खांद्यावर आणि नथ उजव्या नाकपुडीत दिसते. आणि समोरून बघताना गोंधळ आणखी वाढतो, कारण आईंची डावी बाजू म्हणजे आपल्याला उजवीकडे दिसणारी, हे काढणाऱ्यांनाही दर वेळी स्वतःला बजावावं लागतं.

पण नुसती नथ बघून आम्ही फोटो फिरवत नाही हां. आपल्याकडे नथ डावीकडे घालतात हे खरं, पण दक्षिणेत उजवीकडे चमकी घालणाऱ्या बायका कितीतरी. पदराचंही तसंच, गुजराती पद्धतीने नेसलं की तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि आपल्या कुणबी साडीला तर खांद्यावर गाठ, तिथे हा नियम लागतच नाही. म्हणून दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय हात लावत नाही. तुमच्या फोटोत पाटी होती, पदर होता, आणि बाबांच्या जॅकेटची बटणपट्टी होती. पुरुषांच्या कपड्यात डावा भाग उजव्यावर येतो, फोटोत नेमकं उलट दिसत होतं. तिन्ही एकच सांगत होत्या म्हणून आधी फोटो सरळ केला आणि मग स्केच सुरू केलं.

तिळाचं म्हणाल तर आई स्वतःला रोज आरशात बघतात, त्यामुळे त्यांना तो सेल्फीतल्याच बाजूला वाटणार. बाबांना विचारा ना, ते ५० वर्षं समोरून बघतायत. नाहीतर लग्नाचा जुना अल्बम काढा, तो दुसऱ्या कोणीतरी कॅमेऱ्याने काढलेला, तिथे लगेच कळेल.

काठाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे पुष्कळ जण विचारतात. खऱ्या माणसाची उंची डोक्याच्या सातपट वगैरे असते, कार्टूनमध्ये आपण ती तीनपट धरतो, चेहरा मोठा दिसावा म्हणून. म्हणजे चेहरा तसाच ठेवून खालचं अंग खूप आखडतं. तुम्ही साडीचा जो वेगळा फोटो दिला त्यात काठ साधारण चार बोटं रुंद आहे. तो अंगाच्याच हिशोबाने लहान केला असता तर ए-फोर प्रिंटवर जेमतेम ९ मिलिमीटर राहिला असता आणि नारळीचा एकेक त्रिकोण १ मिलिमीटरच्या आसपास. आमची बाहेरची रेघच अर्धा मिलिमीटर जाड, मग दोन्ही बाजूंच्या रेघा त्रिकोणाला गिळून टाकतात आणि छापल्यावर काठ म्हणजे नुसती मळकट पट्टी. पैठणी आहे हेच कळत नाही. म्हणून आम्ही काठ चित्रातल्या हाताने मोजतो, तो हात अंगाइतका आखडत नाही, साडीत चार बोटं तर चित्रातल्या आईंच्याही चार बोटांएवढा. त्रिकोण कमी आणि मोठे, पण रंगांचा क्रम आणि टोकं कुठल्या बाजूला ते साडीत आहे तसंच. निऱ्यांपाशी काठ तुटक दिसतो तोही मुद्दाम, प्रत्येक निरीवर तो वळतो. डिझाईनचा तयार तुकडा सरळ चिकटवला की साडीवर रिबन लावल्यासारखी दिसते, तसं काम लवकर होतं पण आम्ही करत नाही.

नथीचंही हेच गणित. कार्टूनमध्ये नाक लहान होतं, त्या मापात नथ लहान केली तर ती लांबून चमकीच वाटते. म्हणून ती ओठांच्या मापाने धरतो, मोती कमी करतो पण चंद्रकोरीसारखा बाक आणि मधला लाल खडा सोडत नाही. फक्त हसण्याची रेघ तिच्याखाली झाकली जाणार नाही हे बघावं लागतं.

फेटा आवडला ते बरं वाटलं. तोही सरळ केलेल्या फोटोवरूनच काढलाय, शेमला तुमच्या सेल्फीतल्यापेक्षा दुसऱ्या खांद्यावर आहे बघा 😊

आईंना आरशातलाच चेहरा हवा असेल तर भांग आणि तीळ सेल्फीप्रमाणे फिरवून नथ, पदर, बटणं डावी-उजवी बरोबर ठेवता येतात, ते थर वेगळे आहेत, एका दिवसाचं काम, त्याचे पैसे नको. पूर्ण चित्र उलटं करून मात्र देणार नाही, मग नथ उजवीकडे जाईल आणि पुढचा रिव्ह्यू आईंच्या मैत्रिणी लिहितील. व्हॉट्सअॅपवर अल्बममधला एखादा फोटो टाका, म्हणजे तिळाची बाजू पक्की करून घेऊ.