आभाळाचे दोनशे तुकडे

ताईकडे जाताना दोन्ही भाचरांना काहीतरी न्यावं म्हणून मी खेळण्यांच्या दुकानात शिरलो. धाकटी दीड वर्षाची, थोरला दहाचा. दोघांनाही पझल न्यायचं ठरवलं आणि पाच मिनिटांत बाहेर पडलो. ज्या कामाला पाच मिनिटं लागतात ते मला पुढे पंधरा दिवस पुरतं, हा माझा जुना अनुभव.

धाकटीसाठी पुठ्ठ्याचं, चोवीस तुकड्यांचं, हसऱ्या हत्तीचं जिगसॉ घेतलं होतं. ताईने खोका उघडला, एक तुकडा उचलला आणि आतून टॉयलेट पेपरची रिकामी नळी घेऊन आली. तुकडा नळीतून सुळकन खाली पडला. "यातून गेलं ते तिच्या घशातही जाऊ शकतं. तीन वर्षांच्या आत असलं काही द्यायचं नाही." खेळणी तपासणाऱ्यांकडे याच कामाचं एक नळकांडं असतं, त्याचं तोंड जेमतेम बत्तीस मिलिमीटरचं. नळी त्याहून रुंद, म्हणजे ताई सरकारी नियमापेक्षा कडक. हे मला लहानपणापासूनच माहीत आहे.

हत्ती परत गेला आणि त्याच्या जागी लाकडी पाटी आली. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि मासा, असे चारच जाडजूड तुकडे. प्रत्येकाची खाच वेगळी, एकमेकांत काही अडकवायचं नाही. मला वाटलं, यात कसलं आलंय डोकं? धाकटीने वर्तुळ पहिल्याच दिवशी बसवलं, कारण ते कसंही धरलं तरी बसतं. मग चौकोन हातात घेतला, तिरका टेकवला, दाबला, बडवला, शेवटी त्यावर उभी राहिली. तुकडा जरासा फिरवायचा असतो हे तिच्या ध्यानात यायला आठवडा गेला. (मला गाडी पार्क करताना अजून येत नाही.) मासा फिरवून फिरवून मुक्कामी पोचला तेव्हा तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

खरी फजिती थोरल्याच्या पझलने केली. दुकानदाराने विचारलं, "वय?" मी म्हटलं, "दहा." त्याने पाचशे तुकड्यांचा खोका काढून दिला. आकडा वयाला शोभणारा होता, पण चित्र मी पाहिलंच नाही. वर निळंभोर आभाळ आणि खाली तळं. तळ्यात काय, तर तेच आभाळ, उलटं! मधे चिमूटभर डोंगर. गजबजलेल्या बाजाराचं चित्र असतं तर हेच पाचशे तुकडे त्याने आपले आपण लावले असते. तुकडा कुठला हे चित्र सांगतं. इथे चित्राने मौन धरलेलं.

पंचवीस गुणिले वीस अशी मांडणी, म्हणजे कडेचे तुकडे शहाऐंशी. आम्ही ते निवडले, जोडले, आणि चौकट काही मिटेना! वरची कड अर्धं बोट तिरकी जात होती. तासाभराने कळलं की दोन निळे तुकडे एकमेकांच्या जागी बसले होते, तेही अगदी गुण्यागोविंदाने. अशी खोटी जोडी बोटाला कळते: सांध्यावरून बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. ती सोडवली, तरी एक तुकडा कमीच. पंच्याऐंशी!

तो राहू दे म्हणून आम्ही आभाळाकडे वळलो. दोनशे निळे तुकडे. मी रंगाच्या छटा लावत बसलो आणि दिवे लावल्यावर सगळ्या छटा एकच झाल्या. थोरला म्हणाला, "मामा, रंग सोड, आकार बघ." कुठल्या बाजूला बोंड आणि कुठे खळगा एवढंच पाहिलं तर आतल्या तुकड्यांचे सहाच प्रकार होतात. त्याने सहा ढीग केले. मग प्रत्येक रिकाम्या जागेसाठी दोनशे तुकडे नाही, मोजकेच ढीग चाचपायचे. दहा वर्षांच्या पोराने जे केलं त्याला माझ्या ऑफिसात मीटिंग बोलावतात.

सगळं एका प्लायवर मांडलेलं होतं. धाकटी उठली की प्लाय पलंगाखाली. तरी बाराव्या दिवशी ती रडायला लागली, कारण तिचं वर्तुळ बसेना. तेच वर्तुळ, जे कसंही धरलं तरी बसतं! ताईने ते उचललं. खाचेत खाली, ओलसर, निळा तुकडा, एक कोपरा चघळलेला.

ताईने नळी आणली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. पलंगाखालचा प्लाय त्याच रात्री कडी लावलेल्या खोलीत गेला.

थोरल्याने तो शहाऐंशीवा तुकडा पंख्याखाली वाळवून वरच्या कडेला बसवला. चघळलेल्या कोपऱ्याचा पांढरा पुठ्ठा उघडा पडला होता. तो लांबून न्याहाळत म्हणाला, "बरं झालं, एक तरी ढग आला."