‘औदुंबर’मध्ये पक्षी कुठे आहेत?

परीक्षेत कवितेचं रसग्रहण कसं लिहावं, याबद्दल एक सल्ला ऐकू येतो: “रसग्रहणाला कवितेची मध्यवर्ती कल्पना पाठ असली की झालं. तपासणाऱ्याला कविता ठाऊक असतेच, ओळी कशाला लिहायच्या? फार तर शोभेला दोन टाका. आणि रसग्रहणात चूक-बरोबर असं काही नसतं.”

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, अवघ्या आठ ओळी. तिच्यावर ठरलेलं उत्तर येतं ते असं: “कवीने निसर्गाचे विलोभनीय चित्र रेखाटले आहे. खळखळणारा झरा, पक्ष्यांचा किलबिलाट, हिरवीगार शेते यांमुळे मन प्रसन्न होते.” मी एकेक शब्द घेऊन तो कवितेत शोधतो. शेतं सापडतात. पक्षी एकही नाही. झरा नुसता ‘वाहतो’. आठ ओळींत आवाज म्हणून कुठेच नाही. म्हणजे हे उत्तर सरळ चूक आहे, आणि पाठ केल्यामुळेच चूक आहे.

तपासणाऱ्याला कविता ठाऊक असते, कबूल. तुम्हाला तीत काय दिसलं, ते त्याला ठाऊक नसतं. वरच्या उत्तरातलं कवितेचं नाव झाकलं, तर ते कुठल्याही निसर्गकवितेखाली खपून जाईल.

आता शोभेच्या ओळी. “पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे” अशी ओळ उतरवायची आणि खाली लिहायचं, “अशा प्रकारे निसर्गसौंदर्य व्यक्त झाले आहे.” ओळ अवतरणचिन्हांत आहे, तरी पुरावा शून्य, कारण तिच्यातल्या एकाही शब्दाचं काम सांगितलेलं नाही. त्याऐवजी एका मुलीनं लिहिलं होतं: सुरुवातीला ‘हिरवाळी’ आणि ‘हिरवी गर्दी’ आहे, तिच्यातून पायवाट ‘पांढरी’ निघते आणि ‘काळ्या डोहाकडे’ जाते, म्हणजे गावापासून दूर जाता जाता रंग गडद होत जातो. पुढे तिनं असंही टिपलं की गाव आहे, वाट आहे, पण माणूस नाही. माणसासारखा ‘पाय टाकुनी’ बसलाय तो औदुंबर. इथे ‘चेतनगुणोक्ती अलंकार’ हे नाव नुसतं चिकटवलेलं राहत नाही, त्याला कारण मिळतं. तिनं पूर्ण ओळ एकही उतरवली नव्हती, सुटे शब्दच घेतले होते. तेवढे पुरतात.

गाइडातून दुसऱ्या टोकाचं उत्तरही येतं: “डोह हे मृत्यूचे प्रतीक आहे.” ऐकायला भारदस्त. ‘काळ्या’ हा शब्द त्याच्या बाजूनं उभा राहतो, हे मान्य. पण पुढच्याच ओळीत ‘गोड काळिमा’ आहे, आणि त्या ‘गोड’चं काय करायचं हे लिहिल्याशिवाय मी त्या वाक्याला गुण देत नाही. समासात फक्त ‘गोड?’ एवढंच लिहितो.